दहा टक्के कर, मग स्लिपेज बारा का?

2021 च्या मार्चमध्ये बायनान्स स्मार्ट चेन या ब्लॉकचेनवर सेफमून नावाचं टोकन सुरू झालं आणि बघता बघता जगभरच्या हौशी गुंतवणूकदारांच्या तोंडी बसलं. सुरुवातीला ते घ्यायचं तर पॅनकेकस्वॅपवर जावं लागे. तिथे एका खिडकीत आपल्याकडचं टोकन द्यायचं, दुसऱ्या खिडकीतून हवं ते घ्यायचं. मध्ये ना दलाल, ना कचेरी. पण नवख्या माणसाने रक्कम भरून बटण दाबलं की अदलाबदल होण्याऐवजी अनेकदा हा संदेश समोर यायचा:

```
The transaction cannot succeed due to error:
PancakeRouter: INSUFFICIENT_OUTPUT_AMOUNT.
```

जाणत्याला विचारलं तर सल्ला ठरलेला: ‘सेटिंगमध्ये जा आणि स्लिपेज 12 कर.’ तसं केलं की काम व्हायचं. त्यामुळे हा आकडा मंत्रासारखा पसरला. मंत्राचा अर्थ मात्र फारसा कोणी विचारला नाही. सेफमूनचा कर होता 10 टक्के. मग 10 का चालत नव्हते, 11 वर कधी काम व्हायचं आणि कधी का अडायचं, आणि 12 वर मात्र का निभायचं? याचं उत्तर शाळेतल्या भागाकारात आहे. ते एकदा कळलं की कोणत्याही कर लावणाऱ्या टोकनसाठी किती स्लिपेज ठेवायचं हे कोणाला विचारावं लागत नाही, आणि कधी अजिबात वाढवायचं नाही हेही समजतं.

आधी ही खिडकी चालते कशी ते पाहू. पॅनकेकस्वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीत किंवा ती जिच्यावरून बेतली त्या युनिस्वॅपमध्ये, प्रत्येक जोडीचा एक साठा असतो. त्याला पूल म्हणतात. समजा एका पूलमध्ये 100 बीएनबी आहेत आणि एका काल्पनिक टोकनचे 1 कोटी नग आहेत. भाव कोणी ठरवत नाही, तो या दोन आकड्यांतून निघतो. दोहोंचा गुणाकार व्यवहारानंतर कमी होता कामा नये, एवढा एकच नियम पूल पाळतो. तुम्ही टोकन आत टाकलेत की तो गुणाकार राखून जेवढे बीएनबी बाहेर देता येतील तेवढे मिळतात. त्यातून 0.25 टक्के शुल्क पूल ठेवून घेतो.

पडद्यावर दिसणारा आकडा त्या क्षणीचा असतो. तुम्ही बटण दाबता, वॉलेटमध्ये होकार देता, मग तो व्यवहार एखाद्या ब्लॉकमध्ये चढतो. तेवढ्यात दुसऱ्या कोणी खरेदी-विक्री केली की पूलमधले आकडे बदलतात आणि भाव हलतो. म्हणून व्यवहारासोबत एक अट पाठवली जाते: ‘मला कमीत कमी एवढे मिळाले पाहिजेत, नाहीतर सगळं रद्द.’ ही किमान रक्कम किती ठेवायची ते स्लिपेजच्या सेटिंगवरून ठरतं. सहसा ती 0.5 टक्क्यावर ठेवलेली असते. नेहमीच्या टोकनांसाठी, बाजार फार उसळत नसेल तर, तेवढी पुरते.

कराचं प्रकरण या यंत्रणेच्या बाहेर घडतं. टोकन ही वॉलेटमध्ये ठेवलेली वस्तू नव्हे. कोणाच्या नावावर किती नग आहेत याची एक वही असते आणि ती त्या टोकनच्या स्वतःच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये असते. एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर नग हलवायचे म्हणजे त्या वहीत वजाबाकी आणि बेरीज करायची. ती कशी करायची हे टोकन लिहिणारा ठरवतो. सरळ टोकनमध्ये एकाकडून 100 वजा होतात आणि दुसऱ्याकडे 100 जमा होतात. कर लावणाऱ्या टोकनमध्ये 100 वजा होतात आणि जमा होतात 90. उरलेले 10 कुठे जातात हे ज्याच्या त्याच्या कोडवर अवलंबून. सेफमूनमध्ये 5 टक्के सगळ्या धारकांत वाटले जायचे आणि 5 टक्के पूलमध्ये भर घालण्यासाठी बाजूला पडायचे. काही टोकनांत ते सरळ बनवणाऱ्याच्या वॉलेटमध्ये जातात.

इथे सरकारचा काही संबंध नाही, हेही सांगून टाकतो. भारतात 2022 च्या एप्रिलपासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के प्राप्तिकर आहे आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून 1 टक्का टीडीएस आहे. टोकनमधला कर त्याहून निराळा. तो कोणत्याही कायद्याने लावलेला नाही आणि त्याची पावती मिळत नाही.

अडचण येते ती दोन हिशेबांची गाठ पडत नाही म्हणून. पडद्यावर भाव दाखवणारा कोड पूलमधले दोन आकडे वाचतो, सूत्र लावतो आणि उत्तर दाखवतो. टोकनची वही वाटेत काही कापून घेणार आहे याचा त्याला पत्ता नसतो. बाजार समितीत पुकारलेला भाव आणि संध्याकाळी हातात पडलेली पट्टी यांत जसा फरक असतो तसंच हे; फक्त इथे पट्टी कमी आल्याचं दिसताच शेतकऱ्याच्या वतीने यंत्रच सौदा मोडतं.

आता आपल्या काल्पनिक पूलवर एक विक्री करून पाहू. टोकनचा कर 10 टक्के आहे आणि तो बनवणाऱ्याच्या वॉलेटमध्ये जातो असं धरू. तुम्हाला 1 लाख नग विकायचे आहेत. पडदा समजतो की 1 लाख नग पूलमध्ये पडतील. 0.25 टक्के शुल्क वजा करून सूत्र लावलं की उत्तर येतं 0.98765 बीएनबी. स्लिपेज 0.5 असेल तर किमान रक्कम ठरते 0.98273. हा आकडा अट म्हणून व्यवहाराला चिकटतो.

प्रत्यक्षात तुमच्या नावावरून 1 लाख नग वजा होतात, पण पूलमध्ये पोचतात 90 हजार. पूल मिळालेल्या नगांचाच हिशेब करणार. तेच सूत्र 90 हजारांना लावलं की 0.88976 बीएनबी बाहेर येतात. अट 0.98273 ची. म्हणजे किमान रकमेपेक्षा मिळकत कमी, म्हणून `INSUFFICIENT_OUTPUT_AMOUNT`. बाजार तसूभरही हलला नसताना व्यवहार रद्द. इथे स्लिपेज झालंच नाही. जी फट भावाच्या चढउतारासाठी ठेवली होती तिच्यातून कर जाऊ पाहत होता आणि फट अरुंद पडली.

मग फट रुंद करायची. कर 10 टक्के, म्हणून सेटिंगमध्ये 10 भरले. आता किमान रक्कम किती? बहुतेक जण मनात 0.98765 मधून 10 टक्के वजा करतील आणि 0.88888 म्हणतील. मिळणार आहेत 0.88976, म्हणजे पास व्हायला हवं. पण होत नाही. कारण या खिडक्यांचा कोड वजाबाकी करत नाही, भागाकार करतो:

```
minimum = quoted / (1 + slippage)
```

0.98765 ला 1.10 ने भागलं की 0.89786 येतात. मिळकतीपेक्षा जास्त, म्हणून नापास. सेटिंगमध्ये 11 भरले तर किमान रक्कम 0.88977 होते आणि मिळकत आहे 0.88976. एका बीएनबीच्या लाखाव्या भागाने नापास! विक्री याहून मोठी असती तर भावावरचा दाब बदलून 11 वर कदाचित निभावलं असतं. याहून लहान असती तर नक्की अडलं असतं. म्हणूनच 11 वर कोणाचं व्हायचं, कोणाचं नाही. 12 भरले की किमान रक्कम 0.88183 वर येते. आता मिळकत तिच्या वर आहे आणि मध्ये एक टक्क्याहून थोडी कमी जागाही उरते. ती जागा भावाच्या खऱ्या हालचालीसाठी.

कर `t` असेल तर फक्त कर निभावण्यासाठी लागणारं स्लिपेज निघतं `t / (1 - t)` या सूत्राने. 5 टक्के करासाठी 5.26 टक्के, 10 साठी 11.11, 20 साठी 25. त्यावर भावाच्या हालचालीसाठी अर्धा-एक टक्का घालायचा. कर लहान असतो तेव्हा भागाकार आणि वजाबाकी यांत फारसा फरक पडत नाही, म्हणून ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. कर मोठा झाला की अंतर झपाट्याने वाढतं.

काही खिडक्या भागाकाराऐवजी सरळ टक्केवारी वजा करतात. तिथे हे सूत्र लागू होणार नाही. म्हणून माझ्या मते टक्क्यांकडे बघूच नये. होकार देण्याआधी पडद्यावर `Minimum received` अशी एक ओळ असते. दाखवलेल्या रकमेतून कर वजा करा आणि या ओळीतला आकडा त्याहून किंचित कमी आहे का, एवढंच पाहा. कोड कसाही असला तरी हा पडताळा चुकत नाही.

खरेदी करताना मात्र थोडी वेगळी गंमत आहे. अदलाबदल घडवून आणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला राउटर म्हणतात. त्यात एकाच कामाच्या दोन आवृत्त्या आहेत. साधीचं नाव `swapExactTokensForTokens`. दुसरीच्या नावात शेवटी `SupportingFeeOnTransferTokens` असं लांबलचक शेपूट आहे. ती कर लावणाऱ्या टोकनांसाठी. साधी आवृत्ती आधीच सगळं गणित करून ठेवते आणि त्यावर विसंबते. शेपटाची आवृत्ती आकडेमोडीवर विसंबत नाही. पूलमध्ये खरोखर किती पोचले ते मोजते आणि शेवटी तुमच्या वॉलेटमध्ये खरोखर किती वाढ झाली तेही मोजते.

विक्रीत साधी आवृत्ती टिकतच नाही. तिने 1 लाखाच्या हिशेबाने बीएनबी मागितलेले असतात, पूलमध्ये पोचतात 90 हजार, गुणाकाराचा नियम मोडतो आणि पूल नकार देतो. खरेदीत उलट होतं. तिथे पूल पूर्ण नग बाहेर देतो, कर वाटेत कापला जातो, आणि साधी आवृत्ती आपल्याच आकडेमोडीकडे बघून ‘झालं’ म्हणते. खरेदीदाराच्या हाती 10 टक्के कमी पडलेत हे तिच्या गावीही नसतं. म्हणजे तिच्या भरवशावर राहिलं असतं तर 0.5 टक्के स्लिपेज ठेवूनही खरेदी निर्धोक पार पडली असती आणि कराचा पत्ता नंतर वॉलेट उघडल्यावर लागला असता.

पण युनिस्वॅपच्या खिडकीचा कोड लिहिणाऱ्यांनी इथे एक शहाणपण केलं. बटण दाबल्यावर व्यवहार पाठवण्याआधी तो कोड दोन्ही आवृत्त्या चालवून पाहतो. साधी पास झाली आणि शेपटाची नापास झाली, तर तो साधीने काम उरकत नाही. थांबतो आणि त्रुटी दाखवतो. खरेदीत येणारा तो संदेश म्हणजे खरं तर आगाऊ सूचना असते: ‘तुला वाटतंय त्यापेक्षा कमी मिळणार आहे.’ अनेकांनी ती कटकट समजून स्लिपेज वाढवलं, कर किती ते न पाहता. एक बरं आहे की हा नकार व्यवहार पाठवण्यापूर्वीचा असतो, त्यामुळे गॅसचा खर्च होत नाही. व्यवहार पाठवल्यानंतर ब्लॉकमध्ये जाऊन नापास झाला, तर टोकन जागच्या जागी राहतात पण गॅस गेलेला परत येत नाही.

याच रचनेमुळे आणखी एक अडथळा येतो, त्याचा संदेश असतो `Pancake: K`. ‘के’ म्हणजे तो न मोडायचा गुणाकार. खिडकीत दोन चौकटी असतात: वर द्यायची रक्कम, खाली मिळणारी. कर असलेलं टोकन विकताना तुम्ही वरची चौकट भरण्याऐवजी खालच्या चौकटीत ‘मला बरोब्बर 1 बीएनबी हवा’ असं लिहिलंत, तर राउटर ‘ठरावीक रक्कम बाहेर’ या प्रकारचं काम शोधतो. त्या प्रकाराला शेपटाची आवृत्तीच नाही. मग साधीच चालते आणि पूल नकार देतो. इथे स्लिपेज 12 करा नाहीतर 40 करा, काही उपयोग नाही. वरच्या चौकटीत रक्कम लिहिली की झालं.

एवढं सगळं करायचं तर कर किती आहे ते ठाऊक हवं. टोकनच्या जाहिरातीत लिहिलेला आकडा धरू नये. तो कॉन्ट्रॅक्टमध्ये पाहावा. बीएससीस्कॅनवर टोकनचा पत्ता टाका, `Contract` मध्ये जाऊन `Read Contract` उघडा. सेफमूनच्या मूळ कॉन्ट्रॅक्टमध्ये `_taxFee` आणि `_liquidityFee` अशा दोन नोंदी होत्या, दोन्हींपुढे 5. त्याची नक्कल करून निघालेल्या असंख्य टोकनांत याच नावांच्या नोंदी सापडतात. वेगळ्या नावांच्या असतील तर दुसरा उपाय: नुकत्याच झालेल्या एखाद्या विक्रीचा व्यवहार उघडा आणि त्यातल्या टोकन हस्तांतराच्या ओळी वाचा. विकणाऱ्याकडून पूलकडे किती गेले आणि बाकीचे कुठे वळले ते तिथे उघड दिसतं. खरेदीचा आणि विक्रीचा कर वेगळा असू शकतो, म्हणून दोन्हींचा एकेक नमुना पाहावा. खोटी खरेदी-विक्री चालवून कर सांगणारी honeypot.is सारखी साधनंही आहेत. त्यांचं उत्तर त्या क्षणापुरतं असतं, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

कारण कर बदलता येतो. त्याच सेफमूनच्या कोडमध्ये `setTaxFeePercent` नावाचं कार्य आहे आणि ते फक्त मालकाला वापरता येतं. सकाळी 10 असलेला कर संध्याकाळी 30 झाला तर तुमचं 12 टक्के स्लिपेज पुन्हा त्याच संदेशावर अडेल. इथे बहुतेकांचा हात सवयीने सेटिंगकडे जातो: 12 वर नाही झालं, 20 करू; 20 वर नाही, 35 करू. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सगळ्यात महागडी सवय हीच. काल चालणारं स्लिपेज आज चालत नसेल, तर आकडा वाढवण्याआधी कर पुन्हा वाचायला हवा. स्लिपेजची अट हीच तर तुमच्या आणि वाढलेल्या कराच्या मधली एकमेव भिंत असते. ती वाढवत नेणं म्हणजे काय कापलं जाणार हे न बघता सही करणं.

सेफमूनच्याच बाबतीत हे टोकाला गेलेलं लोकांनी पाहिलं. 2021 च्या डिसेंबरात त्याची दुसरी आवृत्ती आली. जुने टोकन नव्यात बदलून घेण्यासाठी वेगळी सोय होती, आणि लोकांनी जुन्या टोकनचा व्यवहार थांबवावा म्हणून त्याच्यावरचा कर 100 टक्के करण्यात आला. ज्यांनी हे न वाचता जुने टोकन नेहमीसारखे दुसरीकडे पाठवले, त्यांचे सगळेच्या सगळे कापले गेले. `t / (1 - t)` मध्ये 1 घालून पाहा. छेदात शून्य येतं. पुढे 2023 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारने या कंपनीच्या प्रमुखांवर फसवणुकीचे आरोप ठेवले. करातून जमलेला आणि ‘कुलूपबंद’ म्हणून सांगितलेला पूलमधला पैसा त्यांनी काढून घेतला, हा त्यांतला मुख्य आरोप. 2025 च्या मे महिन्यात ब्रुकलिनच्या ज्यूरीने मुख्याधिकारी ब्रेडन कॅरोनी यांना दोषी ठरवलं.

आणि काही टोकनांत अडचण कराची नसतेच. 2021 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोरियन मालिकेच्या नावावर आलेलं स्क्विड टोकन आठवत असेल. भाव वर वर जाताना दिसत होता, खरेदी होत होती, विक्री मात्र बहुतेकांना करता येत नव्हती. मग बनवणाऱ्यांनी पैसे काढून घेतले आणि 1 नोव्हेंबरला भाव शून्याला टेकला. अशा सापळ्यात किंवा एका वेळी विकायच्या नगांवर मर्यादा असलेल्या टोकनमध्ये संदेशही बहुधा वेगळा येतो, `TRANSFER_FROM_FAILED` असा. म्हणजे अदलाबदलीपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. टोकनच्या वहीनेच नग हलवायला नकार दिला. मर्यादेचं प्रकरण असेल तर कमी नग विकून पाहिल्यावर काम होतं. सापळा असेल तर एक नगही हलत नाही. स्लिपेजचा इथे संबंध नाही.

कर खरा आणि स्थिर असला तरी तो दोनदा लागतो, याकडेही घाईत दुर्लक्ष होतं. घेताना 100 चे 90 हाती येतात, विकताना 90 चे 81. भाव तिथेच असेल तर आत जाऊन बाहेर येण्यात 19 टक्के गेले. बरोबरीत सुटायलाच भाव सुमारे साडेतेवीस टक्के चढावा लागतो, शुल्क आणि गॅस सोडून. ‘स्लिपेज 12 कर’ सांगणाऱ्यांनी हे दुसरं गणित सांगितल्याचं क्वचितच आढळतं.

अलीकडे खिडक्या थोड्या सुधारल्या आहेत. युनिस्वॅपने 2023 पासून काही टोकनांचा कर आपणहून ओळखून पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. तिथे भावातच कर धरला जातो. युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीचे पूल मात्र अशा टोकनांना धड चालतच नाहीत, त्यांना दुसऱ्या आवृत्तीच्या पूलवरच जावं लागतं. म्हणून जिथे स्लिपेज हाताने भरायचं तिथे अजूनही हाच हिशेब लागतो.

आणि हाताने भरलेलं हाताने काढावंही लागतं. बहुतेक खिडक्या स्लिपेजचा आकडा ब्राउझरमध्ये जपून ठेवतात. आज कर असलेल्या टोकनसाठी 12 केलं, पुढच्या आठवड्यात साधं टोकन घ्यायला गेलात, तर 12 तसंच बसलेलं असतं. साध्या टोकनमध्ये कर नाही, म्हणजे ती सगळी फट मोकळी. व्यवहार ब्लॉकमध्ये चढण्याआधी सगळ्यांना दिसतो आणि अशी मोकळी फट शोधणारे बॉट कायम टपलेले असतात. बॉट तुमच्या आधी खरेदी करून भाव चढवतो, तुम्ही चढ्या भावाने घेता, तुमच्या पाठोपाठ तो विकून मोकळा होतो. कर असलेल्या टोकनमध्ये त्याला हा खेळ सहसा परवडत नाही, कारण जाता-येता त्यालाही कर पडतो. साध्या टोकनमध्ये त्याला असं काही आडवं येत नाही. 1,000 नग मिळतील असं पडद्यावर दाखवलेल्या खरेदीत 12 टक्क्यांवर किमान अट 893 ची होते, 0.5 टक्क्यावर ती 995 ची असती. पूल लहान असेल तर मधल्या 102 नगांतले बरेचसे बॉटच्या पदरी पडू शकतात. व्यवहार हिरवी खूण दाखवून यशस्वी होतो आणि कोणतीही त्रुटी येत नाही. कर असलेल्या टोकनचं काम संपलं की त्याच बैठकीत सेटिंग उघडून आकडा पुन्हा 0.5 करायचा, तो यासाठी.